‘तू कॉलवर बोलत नाहीस’

प्रश्न : मी पुण्यात एका आयटी कंपनीत टेस्टिंगला आहे, लागून सात महिने झाले. आठवड्यातले तीन दिवस घरून काम असतं. रोज सकाळी टीमचा कॉल आणि बुधवारी संध्याकाळी अमेरिकेतल्या क्लायंटचा. एकदा माझा माइक चालू राहिला आणि कुकरची शिट्टी, आईची हाक, सगळं सगळ्यांनी ऐकलं. नंतर एकदा मी बोलायला गेले तर क्लायंटही त्याच वेळी बोलायला लागला. दोघंही थांबलो, परत दोघंही एकदम बोललो. गेल्या महिन्यात मैत्रिणीला पाठवायचा मेसेज मीटिंगच्या चॅटमध्ये गेला. तेव्हापासून मी म्यूटवर गप्प बसते. आता मॅनेजर म्हणतात, ‘तू कॉलवर बोलत नाहीस.’ नक्की कधी बोलायचं, कधी लिहायचं आणि कधी गप्प बसायचं?
– एक ज्युनिअर टेस्टर, चिंचवड

उत्तर : मॅनेजरच्या वाक्यापासून सुरुवात करू, कारण बाकीच्या तीन गोष्टी बटणांच्या आहेत आणि तासाभरात सुटतात. ‘बोलत नाहीस’ याचा अर्थ दर कॉलला काहीतरी बोल असा बहुतेक वेळा नसतो. जी माहिती त्या कॉलवर फक्त तुमच्याकडे होती, ती त्यांना नंतर, दुसरीकडून, उशिरा कळली, अशी ती तक्रार असते. त्यामुळे कधी बोलायचं हे कॉलवर बसून ठरवायचं नसतं. ते कॉलच्या आधी, अजेंडा समोर ठेवून दहा मिनिटांत ठरतं.

अजेंड्यातल्या प्रत्येक मुद्द्यापुढे स्वतःला एकच विचारा : यातलं असं काय आहे जे इथे फक्त मला माहीत आहे? टेस्टरकडे अशा गोष्टी भरपूर असतात. किती केस चालवल्या, किती पडल्या, कोणत्या अडकल्या आणि कशामुळे, काल दुपारपासून टेस्ट सर्व्हर बंद आहे का, तोच बग परत उघडला का. हे तुमचं. त्यावर बोलणं तुमचं काम आहे आणि तिथे गप्प राहिलात तर ती चूक धरली जाते. जे तुम्हालाही माहीत आहे आणि टीम लीडलाही, ते लीडला बोलू द्या, चुकलं तरच भर घाला. आणि जे फक्त तुम्हाला ‘वाटतं’, म्हणजे हे स्क्रीन असं नको, ही पद्धत बदलायला हवी, ते क्लायंटसमोर नको. सकाळच्या टीमच्या कॉलवर किंवा लीडशी वेगळं बोला. मत असू नये असं नाही. पण क्लायंटच्या कॉलवर ज्युनिअरचं मत कंपनीचं आश्वासन म्हणून ऐकलं जातं आणि मग ते निस्तरायला दोन मेल लागतात.

एका कागदावर तीन ओळी लिहून कीबोर्डशेजारी ठेवा : आकडा, अडचण, मागणी. ‘42 पैकी 36 पास, 4 फेल, 2 अडकल्या. अडकल्या कारण लॉगिन संपलं. नवीन लॉगिन गुरुवारपर्यंत हवं.’ नाव पुकारलं गेलं की एवढंच, याच क्रमाने. वीस सेकंदांत होतं. रोजच्या पंधरा मिनिटांच्या कॉलवर आठ जण असतील तर वाट्याला दोन मिनिटंही येत नाहीत, त्यामुळे ‘काल मी आधी हे उघडलं, मग ते बघितलं’ ही दिनचर्या कोणालाही नको असते. आकडा आधी सांगितला की ऐकणारा जागा होतो, अडचण आधी सांगितली की तो आकडा विचारतो आणि गाडी रुळावरून उतरते.

आता ती धडक. तुम्ही आणि क्लायंट एकदम बोललात यात तुमचा उतावीळपणा कमी आणि तारांचा दोष जास्त आहे. समोरासमोर बोलताना एकाचं वाक्य संपणं आणि दुसऱ्याचं सुरू होणं यात सरासरी सुमारे 200 मिलिसेकंदांचं अंतर असतं. दहा भाषांची तुलना करणाऱ्या 2009 सालच्या एका अभ्यासात हे मोजलं गेलं होतं. इतक्या कमी वेळात आपण ‘आता माझी पाळी’ ओळखतो. कॉलवर आवाज उशिरा पोचतो. पुण्याहून न्यू जर्सीपर्यंत नुसत्या केबलमधून जायलाच शंभरएक मिलिसेकंद लागतात, त्यात घरचं वायफाय, अ‍ॅपची प्रक्रिया आणि ब्लूटूथ इअरफोन यांची भर. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे की एका दिशेचा उशीर 150 मिलिसेकंदांच्या आत असेल तर संभाषण सुरळीत चालतं. तुमचा बुधवारचा कॉल सहज त्याच्या वर जातो. म्हणजे तुम्हाला जी शांतता ऐकू आली ती क्लायंटकडे आधीच संपलेली होती, आणि तो बोलायला लागला हे तुम्हाला कळेपर्यंत तुमचे दोन शब्द निघून गेले होते.

यावर उपाय दोन. पहिला, कोणाचं वाक्य संपल्यावर मनात ‘एक, दोन’ म्हणा आणि मग बोला. टीमच्या कॉलवर एकच पुरे, अमेरिकेच्या कॉलवर दोन. सुरुवातीला ही शांतता फार लांब वाटते, ऐकणाऱ्याला वाटत नाही. दुसरा, पहिलाच शब्द महत्त्वाचा ठेवू नका. ओळख देऊन सुरू करा, ‘हाय, टेस्टिंगकडून एक गोष्ट सांगायची होती’, आणि मुद्दा त्याच्या पुढे. याचा दुसराही फायदा आहे. म्यूट काढल्यावर पहिलं अक्षर-दोन अक्षरं बऱ्याचदा कापली जातात, कधी हेडसेटमुळे, कधी आवाज स्वच्छ करणाऱ्या सोयीमुळे. ‘फोर फेल’ म्हणालात आणि ‘फोर’ गेलं तर समोरच्याला ‘फेल’ एवढंच ऐकू जातं. कापलं जायचंच असेल तर ‘हाय’ जाऊ दे.

आणि तरीही धडक झाली तर? पूर्ण थांबा. अर्धवट नाही. ‘सॉरी सॉरी, यू गो, नो नो, आय विल…’ हे जे होतं ते दोघांच्या विनयामुळे होतं आणि त्या उशिरामुळे परत दोघं एकदम बोलतात. एकाच वाक्यात सोडवा : समोरच्याचं नाव, ‘प्लीज गो अहेड, आय विल फॉलो’, आणि मग तोंड बंद, माइक बंद, हात वर. नाव घेणं गरजेचं आहे, नाहीतर ‘यू’ म्हणजे कोण हे तिसऱ्याला कळत नाही. कॉलवर क्लायंट असेल, वरिष्ठ असतील, तर थांबायचं तुम्ही, दर वेळी. टीममधल्या बरोबरीच्या माणसाशी धडक झाली तर ज्याचा मुद्दा छोटा त्याने आधी बोलावं.

हात वर करण्याचं बटण ज्युनिअर लोक लाजून वापरत नाहीत. खरं तर ते तुमच्यासाठीच आहे, कारण मधे घुसण्याची जबाबदारी त्यामुळे तुमच्याकडून सूत्रसंचालन करणाऱ्याकडे जाते. ज्या क्रमाने हात वर होतात त्याच क्रमाने सहभागींच्या यादीत नावं लागतात. पण एक मर्यादा लक्षात ठेवा. जो स्क्रीन शेअर करतोय आणि ज्याच्याकडे एकच मॉनिटर आहे, त्याला हात आणि चॅट दोन्ही बहुधा दिसत नाही, त्याच्यासमोर फक्त त्याची एक्सेल शीट असते. अशा वेळी मुद्दा बदलायच्या आत आवाजानेच सांगावं लागतं. बोलून झालं की हात स्वतः खाली करा. वर राहिलेल्या हातामुळे दहा मिनिटांनी ‘येस, तुमचा प्रश्न?’ येतो आणि तुम्हाला म्यूट काढून ‘नाही नाही, राहून गेला’ म्हणावं लागतं.

माइकचं म्हणाल तर, कुकरच्या शिट्टीवरून नोकरी जात नाही, घरून काम करणाऱ्या प्रत्येकाची शिट्टी कोणीतरी ऐकलेली आहे. पण त्यामागची कारणं समजून घ्या, कारण ‘म्यूट करायला विसरले’ हे दर वेळी कारण नसतं.

शॉर्टकट पाठ असतो, तरी चालत नाही. टीम्समध्ये `Ctrl + Shift + M`, झूममध्ये `Alt + A`, गूगल मीटमध्ये `Ctrl + D`. मॅकवर अनुक्रमे `Cmd + Shift + M`, `Cmd + Shift + A` आणि `Cmd + D`. पण नेहमीच्या सेटिंगमध्ये हे तेव्हाच चालतात जेव्हा ती मीटिंगची खिडकी समोर असते. तुम्ही बग नोंदवत दुसऱ्या टॅबमध्ये असाल आणि घाईत `Ctrl + D` दाबलंत तर माइक बंद होत नाही, ब्राउझर ते पान बुकमार्क करायला निघतो. म्हणून आधी मीटिंगवर या, वेगळी खिडकी असेल तर `Alt + Tab` ने, ब्राउझरमधला टॅब असेल तर `Ctrl + Tab` ने, मग शॉर्टकट दाबा आणि माइकच्या चिन्हावर तिरपी रेघ आली की नाही ते डोळ्यांनी बघा. बघणं सोडू नका. शॉर्टकट म्यूट करतो तसाच काढतोही, आणि आधीच म्यूटवर असताना खात्रीसाठी दाबलात तर तुम्ही आईला ‘थांब गं, कॉल चालू आहे’ असं सगळ्यांसमोर सांगता.

त्यापेक्षा छोट्या उत्तरांसाठी दाबून ठेवायची सोय वापरा. झूममध्ये म्यूटवर असताना स्पेसबार दाबून धरला की तेवढ्यापुरता माइक उघडतो, सोडला की बंद. टीम्समध्ये त्यासाठी विंडोजवर `Ctrl + Space` आहे, ती सेटिंगमध्ये चालू असावी लागते. ‘येस’, ‘डन’, ‘मी बघते’ अशा उत्तरांना ही उत्तम, कारण माइक चालू राहून जाण्याचा प्रश्नच नाही. फक्त कर्सर चॅटच्या खान्यात असेल तर झूममध्ये आवाज जात नाही, चॅटमध्ये रिकाम्या जागा पडत राहतात.

हेडसेटच्या वायरीवर म्यूटचं बटण असेल तर दोनपैकी एकच वापरायचं असं ठरवून टाका. हेडसेटवरून म्यूट, अ‍ॅपमध्ये चालू, असं झालं की स्क्रीनवर माइक उघडा दिसतो, तुम्ही तळमळीने बोलता आणि कोणाला काहीच ऐकू जात नाही. मग सगळे एका सुरात ‘यू आर ऑन म्यूट’ म्हणतात, तुम्ही अ‍ॅपमध्ये बघता, तिथे सगळं ठीक, आणि अर्धं मिनिट जातं. अ‍ॅपमधलं ठेवा, हेडसेटचं विसरा.

दर बुधवारी कॉलच्या दहा मिनिटं आधी एक चाचणी करा. टीम्समध्ये `Settings` मधल्या `Devices` मध्ये `Make a test call` आहे, झूमसाठी `zoom.us/test`. तिथे माइकची पट्टी हलताना दिसते. इअरफोनच्या माइकवर नखाने हलकी टिचकी मारा. पट्टी उडाली तर तोच माइक चालू आहे. नाही उडाली आणि लॅपटॉपच्या कडेला टिचकी मारल्यावर उडाली, तर कानात इअरफोन असूनही लॅपटॉप स्वतःच्याच माइकने ऐकतोय, आणि तो माइक खोलीभरचं ऐकतो. तुमच्या शिट्टीचं कारण हेच असण्याची शक्यता बरीच आहे. साधे तारेचे इअरफोन इथे ब्लूटूथपेक्षा बरे, उशीरही कमी आणि ऐन कॉलमध्ये चार्जिंग संपायची भीती नाही.

आवाज गाळणारी जी सोय असते तिच्यावर फार विसंबू नका. पंखा, एसी, कीबोर्ड असे आवाज ती छान काढते. शेजारच्या खोलीतल्या माणसाचं बोलणं हा तिच्या लेखी माणसाचाच आवाज, तो सुटून जातो. आणि कॉलचं रेकॉर्डिंग-ट्रान्सक्रिप्ट चालू असेल तर पुटपुटलेलंही तुमच्या नावापुढे छापलं जातं. भाषा इंग्रजी लावलेली असली की मराठी वाक्याचं तिथे जे होतं ते वाचण्यासारखं असतं, पण क्लायंटने वाचण्यासारखं नसतं.

घुमणाऱ्या आवाजाबद्दल एक, कारण यात ज्युनिअरवर हमखास आळ येतो. कॉलवर स्वतःचाच आवाज परत ऐकू येत असेल तर दोष बहुतेक वेळा तुमच्याकडे नसतो. दुसऱ्या कोणाच्या तरी स्पीकरमधला तुमचा आवाज त्याच्या माइकमध्ये शिरतोय. ज्याच्यामुळे घुमतंय त्याला स्वतःला ते ऐकू येत नाही, म्हणूनच तो शांत बसलेला असतो. तेव्हा ‘एको आहे’ असं बाकीचे म्हणत असतील आणि तुम्हाला काहीच ऐकू येत नसेल, तर लगेच म्यूट करून बघा. तुम्ही म्यूट केल्यावर थांबलं तर ते तुमच्याकडूनच होतं. फोन आणि लॅपटॉप दोन्हीवरून एकाच कॉलला जोडलेले असाल तर असं नक्की होतं.

कॅमेऱ्याबद्दल फार लिहीत नाही : लीडचा चालू तर तुमचा चालू. आवाज तुटायला लागला तर कॅमेरा आधी बंद करा, कारण आवाजाला शंभर केबीपीएसच्या आतबाहेर पुरतं, 720p चित्राला त्याच्या दहापटीहून जास्त. ‘नेट कमी आहे, कॅमेरा बंद करतेय’ एवढं चॅटवर लिहा, त्यासाठी बोलणं थांबवू नका.

आता चॅट, म्हणजे तुम्हाला सगळ्यात जास्त डाचणारी गोष्ट. मेसेज चुकीच्या जागी कसा जातो हे पाहिलंत तर परत जाणार नाही. झूममध्ये मेसेजच्या खान्यावर `To:` असतं. तिथे एकदा कोणाचं नाव निवडलं की ते तसंच राहतं, आणि `Everyone` वर गेलं की तेही तसंच. आपण खाली लिहितो, वर बघत नाही. टीम्समध्ये अशी निवड नाही. तिथे मीटिंगची चॅट वेगळी आणि मैत्रिणीशी खाजगी चॅट वेगळ्या खिडकीत, आणि दोन्ही दिसायला जुळ्या बहिणी. शिवाय टीम्सची मीटिंग चॅट कॉल संपल्यावरही राहते आणि आमंत्रण असलेल्या पण न आलेल्या माणसालाही ती नंतर वाचता येते. मेसेज पुसला तरी पुसल्याची खूण उरते, आणि कोणाच्या कोपऱ्यात सूचना म्हणून तो आधीच झळकून गेलेला असतो.

म्हणून क्लायंट असलेल्या कॉलदरम्यान मैत्रिणीशी गप्पा लॅपटॉपवर नकोतच. सांगायचंच असेल तर फोनवर, व्हॉट्सअ‍ॅपवर, म्हणजे निदान यंत्र वेगळं. आणि चुकून गेलाच मेसेज तर पुसा, एकच ओळ लिहा, ‘सॉरी, रॉंग विंडो’, आणि पुढे चला. तीन ओळींचा खुलासा लिहिला की ज्यांनी वाचला नव्हता तेही वर जाऊन शोधतात.

मग चॅटवर लिहायचं काय? जे ऐकून टिपणं कठीण ते. बग क्रमांक, लिंक, फाइलचं नाव, तारीख, लांबलचक एरर. लीड बोलतोय, ‘ते पेमेंटच्या रिपोर्टमधलं जे आहे ना’, त्या क्षणी चॅटमध्ये बग क्रमांक आणि लिंक टाकणारी ज्युनिअर सगळ्यांच्या लक्षात राहते, तोंडातून एक शब्द न काढता. लिंक क्लायंटला उघडता येते का हे आधी तपासा. तुमच्या आतल्या फोल्डरची लिंक टाकली तर समोर `Access denied` येतं आणि पाच मिनिटं परवानग्या देण्यात जातात. झूम आणि मीटमध्ये उशिरा आलेल्याला आधीचे मेसेज दिसतीलच असं नाही, त्यामुळे कोणी मागाहून जोडलं गेलं तर लिंक परत टाका. याउलट वाद, नकार, तारखेबद्दलचा प्रश्न हे चॅटवर नको. ‘हे शुक्रवारी होणार नाही’ ही ओळ बोलताना सौम्य करता येते, लिहिलेली तशीच टोचते, आणि लीडचं लक्ष नसताना क्लायंट ती आधी वाचतो.

हे सगळं एकत्र कसं येतं ते तुमच्याच बुधवारवर धरून बघू. कॉल संध्याकाळी साडेसातचा, तिकडे सकाळचे दहा. (नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांची घड्याळं मागे गेली की तोच कॉल आपल्याकडे साडेआठचा होतो. कॅलेंडर आपोआप बदलतं, आपली सवय बदलत नाही.) तुमच्या 42 केसपैकी 2 अडकल्या आहेत, कारण क्लायंटने दिलेलं टेस्ट लॉगिन सोमवारी संपलं. लीड क्लायंटला म्हणतो, ‘टेस्टिंग पूर्ण झालं, शुक्रवारी रिलीज.’

तुम्हाला माहीत आहे की पूर्ण झालेलं नाही. काय करायचं?

आधी शक्यता धरा की लीडला ते माहीत आहे आणि त्याने मुद्दाम वगळलं आहे. कदाचित त्या दोन केस शुक्रवारच्या रिलीजमध्ये नाहीतच. त्यामुळे थेट ‘नाही, झालेलं नाही’ म्हणायचं नाही. लीडला वेगळा मेसेज करा, पण करण्यापूर्वी एक गोष्ट बघा : स्क्रीन कोण शेअर करतोय? लीडच पूर्ण स्क्रीन दाखवत असेल तर तुमचा मेसेज त्याच्या कोपऱ्यात उमटून क्लायंटलाही दिसू शकतो. म्हणून तो असा लिहा की क्लायंटने वाचला तरी बिघडणार नाही. ‘अरे, दोन केस राहिल्यात, क्लायंटने लॉगिनच दिलं नाही’ असं नाही. ‘2 केस लॉगिनसाठी थांबल्या आहेत. आत्ता सांगू का?’ असं. माहिती तीच, दोष कोणावरच नाही, आणि निर्णय लीडकडे.

उत्तर आलं, ‘सांग’, तर हात वर करा, लीडचं वाक्य संपू द्या, एक-दोन म्हणा. उत्तर आलंच नाही आणि चर्चा पुढच्या मुद्द्याकडे वळायला लागली तर मात्र बोलावं लागेल, कारण तारीख एकदा क्लायंटच्या वहीत गेली की ती काढणं लीडलाच जड जातं. बोलताना लीडचं नाव आधी घ्या आणि खोडू नका, जोडा : ‘(नाव), टेस्टिंगवर एक भर घालू का? 36 पास आहेत, 4 बग नोंदवले आहेत, 2 केस लॉगिन रिन्यू झालं की चालवता येतील. लॉगिन उद्या मिळालं तर त्या संध्याकाळपर्यंत होतील.’ थांबा. इथे गप्प बसणं फार महत्त्वाचं आहे. शुक्रवार गाठेल की नाही हे तुम्ही म्हणायचं नाही, ते आता लीड म्हणेल. तुम्ही आकडा दिलात आणि मागणी ठेवलीत, ‘लॉगिन तुमच्यामुळे राहिलं’ असंही म्हटलं नाहीत, कारण क्लायंटला ते आपोआप कळलं.

क्लायंटने तुम्हालाच विचारलं, ‘मग शुक्रवारी होईल का?’ तर मोहात पडू नका. ‘माझ्या दोन केस उद्या संध्याकाळपर्यंत होतील, रिलीजच्या तारखेबद्दल (लीडचं नाव) सांगतील.’ माहीत नसलेलं काही विचारलं तरी साचा हाच : मला काय माहीत आहे, काय बघावं लागेल, कधी कळवते. ‘आय विल चेक’ एवढ्यावर सोडू नका. वेळ सांगा, ‘तुमच्या उद्या सकाळपर्यंत मेल करते’, आणि ती कागदावर लिहून घ्या. आणि नाव पुकारलं तेव्हा लक्ष नव्हतं असं झालं तर ‘नेट गेलं होतं’ सांगू नका, तुम्ही कॉलवर जोडलेल्या आहात हे सगळ्यांना दिसत असतं. ‘प्रश्न पुन्हा सांगाल का, माझ्याकडून सुटला’, बस.

लीडशी मराठीत पटकन दोन शब्द बोलायचा मोह क्लायंटसमोर टाळा. आपल्याला ते सोपं वाटतं, पलीकडे ‘काहीतरी लपवतायत’ असं ऐकू जातं. बोलणं अगदीच गरजेचं असेल तर आधी इंग्रजीत सांगून बोला, ‘आम्ही अर्ध्या मिनिटात आपसात तपासतो’, आणि परत येऊन काय ठरलं तेही सांगा.

या सगळ्यातला बराच भाग टाळताही आला असता. दुपारी तीन वाजता लीडला त्याच तीन ओळी पाठवल्या असत्या, आकडा, अडचण, मागणी, तर तो ‘पूर्ण झालं’ म्हणालाच नसता. ही सवय लागली की कॉलवर तुमचं बोलणं निम्म्यावर येतं आणि मॅनेजरची तक्रारही थांबते, कारण लीडच म्हणतो, ‘याचे आकडे तिच्याकडे आहेत, तू सांग.’

तोपर्यंत मॅनेजरना एकदा समोरासमोर विचारून टाका. ‘कॉलवर बोलत नाहीस म्हणालात, गेल्या दोन बुधवारांत नेमकं कुठे मी बोलायला हवं होतं?’ त्यांना एखादा प्रसंग आठवला तर तुम्हाला पुढच्या अजेंड्यातली जागा मिळाली. नाही आठवला, तर त्यांना म्हणा, ‘मग बुधवारच्या कॉलवर टेस्टिंगची तीन मिनिटं माझ्या नावावर टाकाल का?’ अजेंड्यात नाव छापलेलं असलं की हातही वर करावा लागत नाही.